साखरपुड्याच्या एडिटिंगचं कोटेशन: भाव कसा काढायचा, बदल कसे बांधायचे

प्रश्न: दादा, मी परभणीचा. दीड वर्ष एका स्टुडिओत मिक्सिंग केलं, आता स्वतःचं काम सुरू केलंय. सेलूच्या एका फोटोग्राफरकडून साखरपुड्याचं काम आलंय. एक मोठा व्हिडिओ, तीन मिनिटांचा हायलाइट आणि एक रील. ते विचारतात, "किती घेणार?" आणि मला आकडाच सांगता येत नाही. मागच्या कामात 2,000 ठरले होते, पाच वेळा बदल करून दिले. भाव कसा काढू आणि बदलांचं काय लिहून देऊ?

उत्तर:

फोनवर आकडा देऊ नका. "फुटेज बघतो आणि संध्याकाळपर्यंत सांगतो" एवढंच बोला. आपल्याकडे समोरच्याला लगेच आकडा हवा असतो, कारण त्याला तिकडे पार्टीला काहीतरी सांगायचं असतं. पण साखरपुडा म्हणजे किती काम, हे कार्यक्रमाच्या नावावरून कधीच कळत नाही. दोन साखरपुड्यांत तिपटीचा फरक मी पाहिलाय.

पहिली गोष्ट, डेटा किती जीबी आहे ते विचारा. फोटोग्राफर सांगतात, "दीड-दोन तासांचंच आहे." ते खोटं बोलत नाहीत, कार्यक्रम खरंच तेवढा चाललेला असतो. पण दोन कॅमेरे असले की फुटेज दुप्पट होतं, हे बोलताना राहून जातं. फुल एचडीमध्ये 50 एमबीपीएसने शूट केलेलं फुटेज तासाला साधारण 22 जीबी भरतं, आणि 100 एमबीपीएसचं फोर-के तासाला 45 जीबी. कॅमेऱ्याची सेटिंग विचारली की हिशेब तोंडी होतो. समजा तुमच्या या कामात फुल एचडीचा 80 जीबी डेटा आहे. म्हणजे साडेतीन तासांच्या वर फुटेज आहे, दीड-दोन तासांचं नाही. भाव तिथूनच बदलतो.

दुसरी गोष्ट, हार्ड डिस्क हातात आली की कोटेशन द्यायच्या आधी अर्धा तास फक्त तपासणीला द्या. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची एक-एक क्लिप उघडा. आवाज कुठून आलाय ते ऐका. गुरुजींना वेगळा माइक होता, की सगळं कॅमेऱ्याच्याच माइकवर आहे? मागे डीजे वाजत असेल आणि गुरुजींचे मंत्र त्याखाली दबले असतील, तर ते मंत्र एडिटिंगमध्ये वर येणार नाहीत. स्टेजवरच्या एलईडीमुळे चित्रावर पट्टे सरकताना दिसतात का, तेही पाहा. मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा असतील तर त्यातली एक लांब क्लिप घेऊन सुरुवातीला कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवा आणि शेवट तपासा. मोबाइलचा फ्रेमरेट एकसारखा राहत नाही, त्यामुळे सुरुवातीला बरोबर बसलेला आवाज दहा मिनिटांनी ओठांच्या मागे-पुढे झालेला आढळतो. असं असेल तर त्या क्लिपा आधी ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. त्यात वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे धरावे लागतात.

जे दोष शूटिंगमध्येच आहेत ते फोटोग्राफरला तेव्हाच कळवा, काम घ्यायच्या आधी. पंधरा दिवसांनी पार्टी म्हणाली, "पट्टे का दिसतात?" तर तो प्रश्न तुमच्या दारात येऊ नये.

आता तास. या कामाचे तास मी कागदावर असे मांडेन. डेटा कॉपी करणं, फोल्डर लावणं आणि दोन्ही कॅमेरे आवाजावरून सिंक करणं यात दीड तास. सगळं फुटेज थोडं पळवत पाहून कामाचे तुकडे निवडणं, तीन तास. चाळीस मिनिटांचा मोठा व्हिडिओ कापणं, सहा तास. तीन मिनिटांचा हायलाइट, पाच तास. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. त्याला वाटतं तीन मिनिटांचं काम चाळीस मिनिटांच्या कामापेक्षा हलकं असणार. पण मोठ्या व्हिडिओत कार्यक्रमाचा क्रम तुम्हाला धरून चालतो, हायलाइटमध्ये प्रत्येक शॉट गाण्याच्या ठेक्यावर तुम्हाला बसवावा लागतो. पुढे रीलला दीड तास. रंग आणि आवाज नीट करायला तीन तास. एक्सपोर्ट, शेवटपर्यंत एकदा पाहणं आणि अपलोड, एक तास. बोलणं आणि बदलांची एक फेरी, तीन तास. बेरीज 24 तास.

बदलांचे तीन तास मी मुद्दाम पहिल्याच हिशेबात धरले. ते कोणी मागो न मागो, लागतातच. मागच्या वेळी तुम्ही पाच फेऱ्या केल्यात त्याचं मूळ इथेच आहे. बदलांचा वेळ भावात नव्हता आणि बदलांना शेवटही नव्हता.

आता तासाचा दर. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. घरखर्चासाठी महिन्याला 15,000 हवेत. लॅपटॉप 72,000 चा आहे आणि तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला 2,000. नेट, लाइट आणि हार्ड डिस्क मिळून 2,500. सॉफ्टवेअर आणि संगीताची वर्गणी 1,500. एकूण महिन्याला 21,000, वर्षाला 2,52,000. हे पैसे वर्षातल्या किती तासांतून यायचे आहेत? इथे 12 महिने, रोज आठ तास असा गुणाकार करू नका. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, एप्रिल-मे अंगावर येतात आणि पाऊस पडायला लागला की फोन थंड पडतो. शिवाय हार्ड डिस्क आणायला जाणं, पैशांसाठी फोन करणं, लाइट गेली म्हणून बसून राहणं, याचे पैसे कोणी देत नाही. वर्षभराची सरासरी काढली तर नवीन माणसाचे महिन्याला 100 तास पैशाचे भरले तरी चांगलं. म्हणजे वर्षाला 1,200 तास, आणि दर निघाला तासाला 210 रुपये.

24 तास गुणिले 210, झाले 5,040. त्यावर मी 15 टक्के ठेवतो, कारण अंदाज चुकतो. मे महिन्यात लॅपटॉप तापून रेंडर रेंगाळतं, एखादी क्लिप उघडतच नाही, कधी अर्धं रेंडर झाल्यावर लाइट जाते. ते धरून 5,796, म्हणजे 5,800 सांगायचे.

आता सेलूहून फोन येणार: "एवढे कुठं असतेत का भाऊ? किती लावायलाव? तीन हजारात द्या, पुढची सराई सगळी तुमच्याकडंच." या वेळी 5,800 वरून 4,500, मग 3,800 असं उतरू नका. आकडा नुसताच खाली आणला तर समोरच्याला एकच गोष्ट कळते, की पहिला आकडा हवेतला होता. त्याऐवजी काम कमी करून दाखवा. "तीन हजारांच्या आसपास बसवायचं असेल तर मोठा व्हिडिओ नको, हायलाइट आणि रील देतो."

पण हा सौदा बोलताना त्याचेही तास मांडलेले असू द्या. मोठा व्हिडिओ गेला म्हणून भाव निम्मा होत नाही. फुटेज कॉपी करून सिंक करायचे दीड तास आणि पाहायचे तीन तास तसेच राहतात. हायलाइटचे पाच, रीलचा दीड. रंग-आवाजाचा दीड तास, एक्सपोर्टचा अर्धा आणि बदलांचे दीड. एकूण साडेचौदा तास, 3,045 रुपये. 15 टक्के धरून 3,500. म्हणजे तीन हजारांत हेही बसत नाही. हे तुम्हाला फोन उचलायच्या आधी माहीत असेल तर तुम्ही "साडेतीन" म्हणून थांबू शकता. पुढच्या सराईच्या आशेवर आजचा भाव कमी करू नका. सूट द्यायचीच असेल तर सराईतलं तिसरं काम हातात येईल तेव्हा त्या कामात द्या.

आता बदलांचं बोलू, कारण तुमचा खरा तोटा तिथे झालाय. माझाही तिथेच झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत लातूरजवळच्या एका गावातलं जावळाचं काम मी 2,500 ला घेतलं होतं. काम देणाऱ्या फोटोग्राफरने विचारलं, "काही बदल असले तर कराल ना?" मी म्हणालो, "करून देऊ." लिहिलं काहीच नव्हतं. पहिली आवृत्ती गेली. बाळाच्या आईने तीन ठिकाणं सांगितली, ती केली. मग आजोबांना गाणं जुनं हवं होतं, म्हणून सगळा हायलाइट पुन्हा बसवला. मग आत्या म्हणाल्या, आधीचंच गाणं बरं होतं. शेवटी मामा रुसले, कारण ते व्हिडिओत एकदाच, तेही पाठमोरे दिसत होते. मी सगळं फुटेज पुन्हा चाळलं. मामांचा समोरून घेतलेला शॉट कॅमेऱ्यातच नव्हता. सातव्या आवृत्तीवर काम संपलं तेव्हा मी वहीत 41 तास मोजले. तासाला 61 रुपये पडले. एकाही माणसाची मागणी गैर नव्हती. आपल्या घरातल्या कार्याचा व्हिडिओ प्रत्येकाला मनासारखा हवा असतोच. चुकलं एवढंच होतं की कोणाचं ऐकायचं आणि कुठे थांबायचं हे आधी ठरलेलं नव्हतं.

तुमच्या कामात आणखी एक पेच आहे. तुमचं गिऱ्हाईक फोटोग्राफर आहे आणि फोटोग्राफरचं गिऱ्हाईक म्हणजे पार्टी. त्यांनी पार्टीला "पाहिजे तितके बदल करून देऊ" असं सांगितलेलं असेल तर तुमची एक फेरीची अट त्यांच्यापाशीच अडकते. तेव्हा भाव सांगायच्या आधी सरळ विचारा, "तुम्ही पार्टीला बदलांचं काय कबूल केलंय?" उत्तर "काहीच बोलणं झालं नाही" असं आलं तर तुमच्या अटी त्यांना पाठवा आणि पार्टीलाही तेच सांगायला सांगा. बहुतेक फोटोग्राफरना हे आवडतं, कारण मधल्या मध्ये तेही भरडले जातात.

अट लिहिताना मी तीन गोष्टी वेगळ्या करतो: चूक, बदल आणि नवीन काम.

चूक म्हणजे माझ्या हातून झालेली. आवाज ओठांशी जुळत नाही, मध्येच काळी फ्रेम येते, लेखी दिलेलं नाव मी चुकीचं टाकलं, एखादा विधी उलट्या क्रमाने लागला. चूक कधीही दाखवा, कितीही वेळा दाखवा, फुकट दुरुस्त करणार. ही ओळ कोटेशनमध्ये सगळ्यात आधी असावी. ती वाचली की पुढच्या अटी कडक वाटत नाहीत.

बदल म्हणजे आवडीचा भाग. हा शॉट नको तो घ्या, इथे थोडं लांबवा, रंग जरा उजळ करा. हे असलेल्या फुटेजमधून आणि ठरलेल्या गाण्यावर व्हायला हवं. अशी एक फेरी भावात धरलेली आहे. फेरी म्हणजे काय, तेही लिहा: सगळ्या घराचे बदल एकाच यादीत, एकाच माणसाकडून, व्हिडिओतल्या वेळेसह. सकाळी दोन, दुपारी एक आणि रात्री व्हॉइस मेसेजवर तीन, असं आलं तर लगेच कामाला बसू नका. नम्रपणे कळवा, "सगळे मिळाले की एकदम घेतो, यादी पूर्ण झाली की सांगा." पुढची प्रत्येक फेरी 600 रुपये, कारण पुन्हा उघडणं, बदल करणं, एक्सपोर्ट आणि तपासणी यात तीन तास जातात.

नवीन काम म्हणजे जे पहिल्या मापात नव्हतंच. मंजूर झालेलं गाणं कापणी झाल्यावर बदलणं, नंतर आलेल्या मोबाइलच्या क्लिपा घालणं, तीन मिनिटांचा हायलाइट पाच मिनिटांचा करणं. गाणं बदलण्यात पाचपैकी चार तास पुन्हा जातात, म्हणून त्याचे 1,000. इतर नवीन कामाचा भाव काम पाहून, सुरू करण्याआधी सांगायचा आणि होकार आल्यावरच हात लावायचा. काम करून झाल्यावर सांगितलेला भाव कोणी देत नाही.

आता फेऱ्या मुळातच कमी व्हाव्यात म्हणून तीन गोष्टी काम सुरू होण्याआधी मागून घ्या. एक, नावं टाइप करून. लग्नाला पत्रिका असते, साखरपुड्याला पुष्कळदा छापलेलं काहीच नसतं. मग "ऋतुजा की ऋजुता" हा घोळ शेवटच्या दिवशी निघतो. दोन, गाणं. कापायला बसायच्या आधी गाणं लेखी मंजूर करून घ्या. सिनेमातलं गाणं असेल तर सांगून ठेवा की यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर टाकल्यावर हक्काचा दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो, आणि त्यामुळे गाणं बदलायचं झालं तर ते नवीन काम धरलं जाईल. तीन, मानाच्या माणसांची यादी, फोटोसह. दोन्हीकडचे आईवडील, मामा, आजी-आजोबा, सोयरीक जुळवणारे पाहुणे. आठ-दहा फोटो पुरतात. यादी आली की फुटेज पाहतानाच त्यांचे शॉट खुणा करून ठेवा. कोणाचा शॉटच नसेल तर पहिली आवृत्ती पाठवायच्या आधी फोटोग्राफरला कळवा. जावळाच्या कामानंतर मी ही यादी मागायला लागलो आणि माझे निम्मे बदल तिथेच संपले.

पहिली आवृत्ती पाठवताना दोन काळज्या घ्या. ती 720 मध्ये काढा, त्यावर तुमचं नाव पुसट दिसू द्या आणि कोपऱ्यात चालती वेळ टाका. वेळ दिसली की घरचे "हळदी-कुंकवानंतरचा तो शॉट" असं न म्हणता "12:40" म्हणतात. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे तो दाबला जातो आणि मग "क्लिअर नाही, काळं दिसायलंय" असा निरोप येतो. तुम्ही रंग बदलत बसता आणि दोष रंगात नसतोच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

आता कोटेशन. वेगळं लेटरहेड नसलं तरी चालतं, व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज पुरतो, पण समोरून "मंजूर" असं लेखी उत्तर यायला हवं. मी हे असं लिहीन:

"साखरपुडा, सेलू. दोन कॅमेरे, सुमारे 80 जीबी फुटेज पाहून दिलेला भाव. देणार: मोठा व्हिडिओ 35 ते 40 मिनिटं, हायलाइट 3 मिनिटं, रील 45 सेकंद, सगळं फुल एचडी. एकूण 5,800 रुपये. काम सुरू करताना 2,900, पहिली आवृत्ती पसंत पडल्यावर 2,900, त्यानंतर नाव नसलेली अंतिम फाइल. पूर्ण डेटा, नावं, गाणं आणि मानाच्या माणसांची यादी मिळाल्यापासून 10 दिवसांत पहिली आवृत्ती. माझी चूक कधीही फुकट दुरुस्त. बदलांची एक फेरी भावात, एकच यादी, एकाच माणसाकडून. पुढची फेरी 600. मंजूर गाणं बदलल्यास 1,000. नवीन फुटेज किंवा वाढीव लांबीचा भाव आधी सांगून. पहिली आवृत्ती गेल्यापासून 7 दिवसांत बदल न कळवल्यास काम पसंत धरलं जाईल. शूटिंगमधले पट्टे, हललेले शॉट आणि डीजेखाली दबलेला आवाज एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही. अंतिम फाइल दिल्यापासून 30 दिवस डेटा माझ्याकडे राहील, नंतर पुसला जाईल. भाव 15 दिवसांसाठी."

दिवसांची मोजणी "डेटा मिळाल्यापासून" नव्हे, तर सगळं साहित्य मिळाल्यापासून सुरू होते हे नीट पाहा. गाणं आठव्या दिवशी आलं आणि दहाव्या दिवशी व्हिडिओ मागितला, असं होतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, म्हणून 5,800 हा पूर्ण आकडा.

निम्मे पैसे आधी मागायला संकोच वाटतो, विशेषतः ओळखीत. पण पहिलं काम असेल तर हे सोडू नका. जो माणूस 2,900 आधी देत नाही तो काम झाल्यावर 5,800 एकदम देईल, असा माझा अनुभव नाही. शेवटचे पैसे मात्र नेहमी पसंतीनंतर आणि अंतिम फाइलच्या आधी घ्या. फाइल पोहोचली की फोन उचलायला वेळ लागतो.

आणि या कामाचे तास रोजच्या रोज वहीत लिहा, वर मांडलेल्या त्याच तुकड्यांनी. समजा 24 च्या जागी 27 झाले आणि जास्तीचे तीन तास फुटेज पाहण्यात गेले असतील, तर पुढच्या कोटेशनला साडेतीन तासांच्या फुटेजसाठी तीन नव्हे, सहा तास धरा. तेच तास बदलांत गेले असतील तर दर वाढवू नका. आधी तपासा की यादी खरंच एकाच माणसाकडून आली होती का.